ट्रेकर किंवा सायकलस्वाराला भेट देताना काय मोजून घ्यावे आणि काय न विचारता घेऊच नये

शनिवार-रविवारी डोंगरात जाणाऱ्या किंवा पहाटे सायकल काढून बाहेर पडणाऱ्या माणसाला भेट द्यायची म्हटले, तर देणारा बहुधा स्वतः या दोन्हींपैकी काहीच करत नसतो. दुकानात किंवा संकेतस्थळावर त्याला एकाच रंगाची, एकाच आकाराची वाटणारी दोन हेल्मेट दिसतात. एकावर एक क्रमांक छापलेला असतो, दुसऱ्यावर भलताच. बुटांच्या खोक्यावर तीन देशांची तीन मापे असतात आणि टॉर्चच्या पाकिटावर कितीतरी तास चालण्याचा दावा असतो. अशा वेळी माणूस रंग पाहून किंवा किंमत पाहून निर्णय घेतो, आणि ती वस्तू पुढे कपाटात पडून राहते. ती पडून राहिली तर नुकसान फक्त पैशाचे होते. तीच वस्तू चुकीच्या मापाची असूनही भिडेखातर वापरली गेली, तर मात्र प्रश्न गंभीर होतो. म्हणून या लेखाचा बराचसा भाग हेल्मेटला दिला आहे, कारण ते भेट म्हणून सर्वांत जास्त दिले जाते आणि सर्वांत कमी समजून घेतले जाते.

## वस्तू निवडण्याआधीचे दोन प्रश्न

कोणतीही वस्तू हातात घेतल्यावर दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न असा, की ही वस्तू शरीराला किंवा सायकलीला नेमकी बसावी लागते का? दुसरा असा, की ऐन वेळी ही वस्तू कामी आली नाही, तर माणसाला इजा होईल का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती वस्तू निर्धास्तपणे घ्यावी. पाण्याची बाटली, पावसात सॅकवर चढवायचे आवरण आणि ओले कपडे ठेवायची जलरोधक पिशवी या जातीच्या वस्तू आहेत. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘हो’ असेल, तर वस्तू न विचारता घेता येते, पण तिच्यावर काय छापले आहे ते वाचावे लागते. दिवे आणि शिट्टी यांत मोडतात. दोन्हींची उत्तरे ‘हो’ असतील, तर तेथे अंदाज चालत नाही. हेल्मेट, बूट आणि गिर्यारोहणाचा दोर हे तिघेही याच गटातले आहेत. तरी त्यांच्यातही फरक आहे. हेल्मेटचे माप बाहेरून बऱ्यापैकी काढता येते, बुटाचे येत नाही, आणि दोराचा तर प्रश्न मापाच्याही पलीकडचा आहे.

## हेल्मेटच्या आत नेमके काय असते

सायकलच्या हेल्मेटचे बाहेरचे कवच पातळ प्लास्टिकचे असते आणि डोके वाचवण्यात त्याचा वाटा दुय्यम असतो. खरे काम आतला जाड, पांढरा किंवा काळा थर करतो. हा थर म्हणजे फुगवलेला पॉलिस्टायरीन. नव्या उपकरणांच्या खोक्यात येतो तो थर्माकोल याच कुळातला, फक्त हेल्मेटमधला अधिक घट्ट असतो. डोके जमिनीवर आदळते तेव्हा हा थर चिरडला जातो. तो नसता, तर डोक्याचा वेग जवळजवळ एका क्षणात शून्यावर आला असता. थर चिरडण्यात जो वेळ आणि जे एक-दोन सेंटिमीटर अंतर जाते, तेवढ्यात वेग थोडा सावकाश उतरतो आणि मेंदूला बसणारा झटका कमी होतो.

येथूनच पहिली मर्यादा येते. चिरडलेला थर परत फुगत नाही. एकदा जोरदार आपटलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले, तरी त्याचे काम संपलेले असते. कवचाखाली बारीक चीर असते किंवा थर एका ठिकाणी दबून पातळ झालेला असतो, आणि आतली अस्तराची गादी काढल्याशिवाय ते दिसतही नाही. म्हणून वापरलेले हेल्मेट कितीही स्वस्तात मिळाले, तरी भेट म्हणून घेऊ नये. ते आधी पडले होते की नाही, हे विकणाऱ्यालाही खात्रीने सांगता येत नाही.

दुसरी मर्यादा चाचणीची आहे. युरोपात सायकलच्या हेल्मेटसाठी ‘ईएन १०७८’ हे मानक आहे. मानक म्हणजे वस्तूने किमान कोणत्या कसोट्या पार केल्या पाहिजेत याचा लेखी नियम. या चाचणीत हेल्मेट घातलेले नकली डोके सपाट पोलादावर साधारण दीड मीटरवरून पडते तेवढ्या वेगाने, म्हणजे ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटरने आदळवतात. अमेरिकेत सीपीएससी या सरकारी आयोगाचा नियम आहे आणि त्यात ही उंची २ मीटर आहे. सायकलवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण तेवढ्याच उंचीवर असते, म्हणजे ही चाचणी मुख्यतः सायकलवरून कोसळून डोके जमिनीवर आपटण्याची आहे. भरधाव मोटारीने दिलेली धडक यात धरलेली नाही. त्यामुळे हेल्मेट निरुपयोगी ठरत नाही, पण त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळते.

आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर यांपैकी एखादे मानक स्पष्ट छापलेले असले पाहिजे. नुसते ‘सुरक्षित’, ‘तपासलेले’ किंवा ‘व्यावसायिक दर्जाचे’ असे शब्द असतील आणि मानकाचा क्रमांक नसेल, तर ते हेल्मेट खाली ठेवावे. नावाजलेल्या कंपन्यांच्या नकली प्रतीही विकल्या जातात, म्हणून अनोळखी विक्रेत्याकडे नेहमीपेक्षा फारच कमी किंमत दिसली, तर तो मोह टाळलेला बरा.

## सायकलचे हेल्मेट डोंगरात चालेल का

ही शंका साहजिक आहे, विशेषतः ज्याला भेट द्यायची तो दोन्ही करत असेल तेव्हा. एकच वस्तू दोन्हीकडे कामी आली तर बरेच, असे कोणालाही वाटेल. पण गिर्यारोहणाच्या हेल्मेटची चाचणी वेगळ्या अपघाताची कल्पना करून आखलेली आहे. तिचे मानक ‘ईएन १२४९२’ असून त्यात ५ किलोचे वजन २ मीटरवरून हेल्मेटच्या माथ्यावर सोडतात, शिवाय टोकदार वजन सोडून ते आत घुसते का हेही पाहतात. कारण कड्याखाली मुख्य भीती वरून सुटून येणाऱ्या दगडाची असते. सायकलच्या हेल्मेटला हवेसाठी मोठमोठ्या खाचा असतात. टोकदार दगडाला त्यातून सरळ वाट मिळते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. निव्वळ गिर्यारोहणासाठी बनवलेल्या हेल्मेटला सायकलवरून पडण्याची चाचणी द्यावी लागलेली नसते, आणि काही नमुन्यांत कडेच्या भागात जाड थरच नसतो. दोन्ही मानकांवर उतरलेली हेल्मेटही मिळतात, पण तशी असतील तर आतल्या कागदावर दोन्ही क्रमांक असतात. एकच क्रमांक असेल तर ते एकाच कामाचे समजावे. आणि जो मळलेल्या पायवाटेने चालून संध्याकाळी परततो, त्याला हेल्मेटची गरज आहे का हे आधी त्याच्याच बोलण्यातून काढून घ्यावे. कित्येक ट्रेकरना ती नसते.

## माप कसे काढावे: एक उदाहरण

समजा, एका बहिणीला तिच्या धाकट्या भावासाठी सायकलचे हेल्मेट घ्यायचे आहे आणि त्याला आधी कळू द्यायचे नाही. हेल्मेटचे माप म्हणजे डोक्याचा घेर, सेंटिमीटरमध्ये. शिवणकामाची लवचिक मोजपट्टी भुवयांच्या साधारण २ सेंटिमीटर वरून, कानांच्या वरून आणि मागे डोके सर्वांत जास्त फुगीर असते त्या भागावरून आडवी फिरवतात. पट्टी मागे घसरून मानेकडे उतरली, तर माप एक-दीड सेंटिमीटरने कमी येते, आणि तेवढ्याने अख्खा आकार बदलतो.

भावाच्या डोक्याला पट्टी लावण्याचे निमित्त तिला सापडत नाही, म्हणून ती त्याची नेहमीची, मागे पट्टा नसलेली टोपी घेते आणि आतल्या कडेला दोरा फिरवून तो मोजपट्टीवर ठेवते. दोरा ५८ सेंटिमीटर भरतो. मात्र टोपीचे कापड वापरून ताणलेले असते, म्हणून खरे माप ५७ ते ५८च्या दरम्यान धरणे योग्य. नंतर ती त्याचे जुने हेल्मेट उलटे करून पाहते. आतल्या कागदावर ‘५४ ते ५८’ असे लिहिलेले आहे आणि मागे घेर आवळण्याचे जे फिरते चाक असते, ते पूर्ण सैल करून ठेवलेले आहे. दोऱ्यापेक्षा हा पुरावा जास्त बोलका आहे. चाक शेवटपर्यंत सैल आहे याचा अर्थ जुने हेल्मेट त्याला जेमतेम बसते.

आता तिने निवडलेल्या नमुन्यात दोन आकार आहेत: मध्यम, ५४ ते ५८, आणि मोठा, ५७ ते ६१. कागदावर पाहिले तर भाऊ दोन्हींत बसतो. अशा वेळी चाक मधल्या पट्ट्यात येईल असा आकार घ्यावा. मध्यम आकारात त्याला पुन्हा चाक टोकाला न्यावे लागेल, आणि थंडीत खाली पातळ टोपी घातली की हेल्मेट डोक्यावर वर तरंगेल. मोठ्या आकारात चाक थोडे आवळले की काम होईल. म्हणून येथे मोठा आकार बरोबर. त्याचा घेर ५६ असता, तर ‘थोडे मोठेच असू दे’ म्हणून मोठा आकार घेणे चूक ठरले असते, कारण चाक आवळून सैल कवच घट्ट झाल्यासारखे वाटते, पण धक्का बसताच ते डोक्यावर फिरते.

एक गोष्ट मात्र बहिणीला घरबसल्या कळणार नाही, आणि ती म्हणजे डोक्याची ठेवण. दोन माणसांचा घेर सारखाच असला, तरी एकाचे डोके वरून पाहता गोलसर असते, दुसऱ्याचे पुढून मागे लांबट. गोल ठेवणीच्या हेल्मेटमध्ये लांबट डोके गेले, तर कपाळावर आणि मागे टोचते, तर कानांवरच्या बाजूला पोकळी राहते. हे चाक फिरवून दुरुस्त होत नाही. म्हणून माप कितीही काळजीपूर्वक काढले असले, तरी बदलून मिळण्याची सोय असल्याशिवाय हेल्मेट घेऊ नये.

## भेट उघडल्यावर पाच मिनिटांची तपासणी

हेल्मेट मिळालेल्या माणसाने ते घरातच, लेबले न काढता, नीट घालून पाहावे. ते डोक्यावर आडवे सरळ बसले पाहिजे आणि त्याची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर आली पाहिजे. अनेक जण ते मागे सरकवून घालतात. तसे घातले तर समोर पडल्यावर कपाळ उघडे राहते. मग मागचे चाक आवळावे, हनुवटीखालचा पट्टा मोकळाच ठेवावा, खाली वाकावे आणि डोके हलकेच हलवावे. पट्टा न लावताही हेल्मेट जागेवर राहिले, तर आकार जमला.

त्यानंतर पट्टे. कानाच्या पुढचा आणि मागचा पट्टा कानाच्या पाळीच्या जरा खाली एकत्र यावेत. हनुवटीखाली एखाद-दुसरे बोट जाईल इतकीच जागा असावी. जांभई दिल्यासारखे तोंड मोठे उघडले की हेल्मेट माथ्यावर किंचित खाली ओढले गेल्याचे जाणवले पाहिजे. जाणवले नाही, तर पट्टा सैल आहे. शेवटी तळहाताने पुढची कड वर ढकलून पाहावी. हेल्मेट मागे कलंडून कपाळ उघडे पडत असेल आणि पट्टे नीट करूनही तसेच होत असेल, तर ते परत द्यावे, मग ते कितीही देखणे असो.

## महाग हेल्मेट जास्त वाचवते का

पुरेसे पैसे मोजले की काम झाले, असे मानणे देणाऱ्याला सोयीचे असते. पण किंमत वाढते ती बहुतेक वेळा वजन कमी होण्यासाठी, हवा जास्त खेळण्यासाठी आणि पट्ट्यांच्या सफाईसाठी. तासन्‌तास सायकल चालवणाऱ्याला याचा उपयोग आहेच, कारण डोके तापवणारे हेल्मेट हळूहळू हँडलला लटकू लागते. तरी मानकाची किमान कसोटी स्वस्त हेल्मेटलाही तीच पार करावी लागते. चांगले बसणारे साधे हेल्मेट हे न बसणाऱ्या महागड्या हेल्मेटपेक्षा केव्हाही उजवे.

एका सोयीसाठी मात्र थोडे जास्त मोजायला हरकत नसावी. अपघातात डोके क्वचितच सरळ खाली आपटते. बहुधा ते तिरके आपटून गर्रकन वळते आणि या वळण्यानेही मेंदूला इजा होते. त्यासाठी काही हेल्मेटमध्ये आत एक पातळ, घसरणारा थर बसवतात, जो आघाताच्या क्षणी डोक्याला १० ते १५ मिलिमीटर सरकू देतो. मिप्स हे त्यातले सर्वाधिक दिसणारे नाव. हा थर असला म्हणजे मापाकडे दुर्लक्ष करता येते असे नव्हे.

घेताना आतल्या कागदावरची उत्पादनाची तारीखही पाहावी. ऊन, घाम आणि वापर यांनी हेल्मेट हळूहळू उतरते, आणि ते किती वर्षांनी बदलावे याविषयी कंपन्यांच्या सूचना वेगवेगळ्या असतात. अमेरिकेचा सीपीएससी आयोग ५ ते १० वर्षे सांगतो. गोदामात वर्षानुवर्षे पडलेला माल सवलतीत मिळत असेल, तर ती सवलत कशाची आहे हे ओळखावे.

## बूट: हे मात्र न विचारता कधीच नाही

ट्रेकिंगचे बूट भेट देणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर अंदाजाने सांगण्यासारखे आहे. नेहमीच्या बुटाचा नंबर माहीत असला, तरी त्याचा येथे फारसा उपयोग होत नाही. ब्रिटिश ८ म्हणजे कोठे युरोपीय ४२, तर कोठे साडेबेचाळीस असते. अमेरिकी पद्धतीत पुरुषांचा आणि स्त्रियांचा नंबर वेगळा चालतो. पायाची लांबी थेट मिलिमीटरमध्ये सांगण्याची पद्धत त्यातल्या त्यात विश्वासार्ह आहे. पण लांबी जुळली, तरी पंजाची रुंदी आणि टाचेची पकड उरतेच.

डोंगरात खरी परीक्षा उतारावर होते. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो. पुढे मोकळी जागा नसेल, तर बोटे तासन्‌तास टोकावर आदळतात आणि नखे काळी पडतात. म्हणून चालणारा माणूस संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, नेहमीचे जाड मोजे घालून बूट पाहतो. नाडी न बांधता पाय पुढे रेटला, तर टाचेमागे एक बोट जावे. नाडी बांधून जिना उतरला, तर बोटे टोकाला लागू नयेत आणि जिना चढताना टाच उचलली जाऊ नये. हे सगळे त्याच्याच पायाला कळते.

शिवाय बुटांत एक छुपा दोष असतो. पुष्कळ ट्रेकिंग बुटांच्या तळव्यातला मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याची आणि उष्णतेची त्याच्याशी सावकाश प्रक्रिया होते आणि काही वर्षांनी तो ठिसूळ होतो. बूट एकदाही न वापरता खोक्यात ठेवला असला, तरी हे घडते. कारण प्रक्रियेला चालण्याची गरज नसते, हवा पुरते. असा बूट बाहेरून कोरा दिसतो आणि डोंगरात दोन-तीन तास चालल्यावर त्याचा तळवा सुटून लोंबतो. मधल्या थरावर अंगठ्याने दाबून पाहावे. बारीक चिरा उमटल्या किंवा भुकटी हाताला लागली, तर तो बूट संपलेला आहे. ‘जुना साठा, अर्ध्या किमतीत’ अशी पाटी दिसली की हे आधी आठवावे.

बूटच द्यायचे मनात असेल, तर त्या माणसाला दुकानात घेऊन जावे आणि पैसे आपण द्यावेत. आधी कळू न देता द्यायचेच असेल, तर ट्रेकिंगचे चांगले लोकरीचे मोजे द्यावेत. मोज्यांचे माप दोन-तीन नंबरांना मिळून एक असते, त्यामुळे चूक होण्याची शक्यता फार कमी.

## सायकलीला बसणाऱ्या वस्तू

बुटाचाच न्याय सायकलच्या सीटला लागू होतो. सीट मऊ असण्यापेक्षा तिची रुंदी बसण्याच्या दोन हाडांमधल्या अंतराशी जुळणे महत्त्वाचे असते, आणि ते अंतर माणसागणिक बदलते. जाड गादीची सीट सहानुभूतीपोटी दिली जाते, पण लांबच्या अंतरावर तीच मांड्यांना घासते. बूट अडकवायच्या पेडलांचेही तसेच. त्याच्या बुटाखालची खिळण ज्या पद्धतीची असेल, त्याच पद्धतीचे पेडल लागते.

जादा ट्यूब ही मात्र अतिशय उपयुक्त भेट आहे आणि तिचे माप सायकलीवरच लिहिलेले असते, फक्त ते वाचता आले पाहिजे. टायरच्या कडेला ‘२८-६२२’ असा आकडा कोरलेला सापडतो. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा टायर रिमवर जेथे बसतो तेथला व्यास. इंचांतले आकडे येथे फसवे ठरतात: ‘२६ इंची’ म्हणून ओळखली जाणारी चाके ५५९ची असू शकतात, तशी ५९०चीही. ट्यूबच्या खोक्यावर दुसरा आकडा तंतोतंत जुळावा आणि रुंदी दिलेल्या मर्यादेत यावी. मग हवा भरायचा व्हॉल्व्ह पाहावा. मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह बारीक भोकाच्या रिममध्ये शिरतच नाही. आपल्याला नाव माहीत नसले तरी चालेल. टायरवरच्या आकड्याचा आणि व्हॉल्व्हचा असे दोन फोटो काढून दुकानदाराला दाखवावेत.

## दोर, हार्नेस आणि कॅराबिनर

कमरेला बांधायचा पट्ट्यांचा साज म्हणजे हार्नेस, आणि दोर अडकवायची धातूची कडी म्हणजे कॅराबिनर. या वस्तू आकर्षक दिसतात, भेटीच्या दुकानातही मिळतात, आणि याच वस्तू कोणी मागितल्याशिवाय देऊ नयेत. ज्याला त्या वापरता येतात, त्याच्याकडे नेमके काय आहे आणि त्याच्या इतर साधनांशी काय जुळते हे त्यालाच ठाऊक असते. ज्याला वापरता येत नाहीत, त्याच्या हाती त्या दिल्या तर त्याला नसलेला आत्मविश्वास मिळतो. किल्ल्या अडकवायच्या शोभेच्या कड्या हुबेहूब कॅराबिनरसारख्या दिसतात, आणि त्यांच्यावर बारीक अक्षरांत ‘चढाईसाठी नाही’ असे लिहिलेले असते. कधी तेही नसते. दोर तर पूर्णपणे न वापरताही कायमचा टिकत नाही. बहुतेक कंपन्या कापडी साधनांना उत्पादनापासून जास्तीत जास्त १० वर्षांची मर्यादा घालतात. वापरलेला दोर द्यायचा विचारही करू नये.

## निर्धास्त घेता येते ते

डोक्याला बांधायची टॉर्च, म्हणजे हेडटॉर्च, ही माझ्या मते अनोळखी आवडीनिवडीच्या माणसाला देण्याजोगी सर्वांत चांगली वस्तू. तिचा पट्टा कोणत्याही डोक्याला आवळता येतो. पाकिटावर लुमेन, म्हणजे एकूण उजेडाचे माप, मोठ्या अक्षरांत असते. पायवाटेवर चालायला १०० ते २०० लुमेन पुरतात, त्यामुळे हजाराच्या आकड्याने भारावून जाऊ नये. चालण्याच्या तासांचा दावा तर जपूनच वाचावा. एफएल १ या प्रचलित चाचणीपद्धतीत, उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ ‘चालू’ धरतात, आणि मोठा आकडा बहुधा सर्वांत मंद उजेडाचा असतो. म्हणून मधल्या उजेडावर किती तास, हे शोधावे.

याहून जास्त उपयोगाची एक सोय पाकिटावर कोपऱ्यात दडलेली असते: बटणाला कुलूप. सॅकमध्ये सामान दाबले गेले की टॉर्च आपोआप पेटते आणि अंधार पडेपर्यंत बॅटरी संपलेली असते. बटण काही सेकंद दाबून कुलूपबंद करता येत असेल, तर हा प्रकार टळतो. पावसासाठी ‘आयपीएक्स ४’ ही खूण असावी. तिचा अर्थ सर्व बाजूंनी उडणारे पाणी सोसते असा आहे. पाण्यात बुडवून टिकण्याची खूण ‘आयपीएक्स ७’ असते आणि ती १ मीटर खोलीत अर्ध्या तासासाठी असते.

सायकलस्वाराला याऐवजी पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा द्यावा. रबरी पट्ट्याने बांधायचा दिवा गोल, चपटा अशा कोणत्याही दांडीला बसतो; घट्ट क्लिपचा बसेलच असे नाही.

शिट्टी देताना सोबत चिठ्ठीवर तिची खूण लिहून द्यावी, कारण ती बहुतेकांना ठाऊक नसते: संकटात असलेल्याने एका मिनिटात सहा वेळा शिट्टी वाजवायची, एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा तेच करत राहायचे, ऐकणाऱ्याने मिनिटाला तीनदा वाजवून उत्तर द्यायचे. ही आल्प्समध्ये रुळलेली आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. घेण्याआधी त्याच्या सॅकच्या छातीवरचे बक्कल मात्र पाहून घ्यावे. अनेक सॅकमध्ये त्याच बक्कलमध्ये छोटी शिट्टी घडवलेली असते आणि मालकाला ती वर्षानुवर्षे दिसलेली नसते. तशी असेल तर चिठ्ठी तेवढी द्यावी, शिट्टीचे पैसे दुसऱ्या कशाला वापरावेत.

## एवढे विचारल्यावर भेटीतली गंमत कोठे उरते

हा आक्षेप रास्त आहे, पण त्यावर उपाय सोपा आहे. मापाची वस्तू निवडली असेल, तर पावती पाकिटातच ठेवावी आणि परत करण्याची शेवटची तारीख तिच्यावर पेनाने मोठ्या अक्षरांत लिहावी. घरात घालून पाहिलेले हेल्मेट लेबलासकट असेल, तर बहुतेक दुकानदार बदलून देतात. एक फेरी मारून आणलेले कोणी घेत नाही, आणि घेऊही नये. म्हणून भेट शक्यतो सहलीच्या दोन-तीन दिवस आधी द्यावी, निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे. आदल्या रात्री मिळालेले नवे हेल्मेट माणूस देणाऱ्याला बरे वाटावे म्हणून घालतो, मग ते कपाळावरून मागे सरकत असले तरी. बदलून घ्यायला ना नाही, हे देणाऱ्यानेच तोंडाने आधी सांगितले, तर घेणारा निःसंकोचपणे दुकान गाठतो.